गोदामाचं लोखंड वेळेवर आणायचं कसं: खरेदी ऑर्डरचा मागोवा आणि अडकलेल्या मालाचा पाठपुरावा

साइटवर नव्याने लागलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात एक काम हमखास मिळतं. साहेब म्हणतात, "जरा फोन लावून विचार, माल कधी येतो." तो फोन लावतो, समोरून "होते ना साहेब, दहा-बारा दिवसांत पाठवतो" असं ऐकतो आणि वहीत तसंच लिहून ठेवतो. दहा दिवसांनी पुन्हा तोच फोन आणि तेच उत्तर. मीही सुरुवातीची दोन वर्षं असाच पाठपुरावा केला. त्या प्रश्नातून काहीच कळत नाही, हे मला यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात एका गोदामाच्या कामावर कळलं. त्याच कामाच्या तारखा समोर ठेवून सगळी पद्धत सांगतो.

काम साधंच होतं. शेतकऱ्यांच्या एका कंपनीसाठी 18 मीटर रुंद आणि 40 मीटर लांब गोदाम बांधायचं होतं. पाया आणि खालची भिंत आपली नेहमीची, वरचा सांगाडा मात्र कारखान्यात तयार होऊन येणारा लोखंडी, म्हणजे ज्याला सगळे पीईबी शेड म्हणतात तो. दर 5 मीटरवर एक फ्रेम, अशा एकूण 9 फ्रेम. एका फ्रेममध्ये दोन कॉलम आणि त्यांच्यावर दोन तुकड्यांत जोडलेला राफ्टर. नंतर पर्लिन, म्हणजे पत्रे ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्या, आणि छताचे रंगीत पत्रे. कारखाना नागपूरजवळ, साइटपासून दोनशे किलोमीटरच्या आत. शेवटचा साधारण तीन किलोमीटर रस्ता काळ्या मातीचा पांदण.

हा पांदणच आमच्या वेळापत्रकाचा खरा मालक होता. मृग लागला आणि दोन जोराचे पाऊस झाले की त्या रस्त्यावरून ट्रॅक्टरही जपूनच न्यावा लागतो. ट्रेलर आणि हायड्रा क्रेन यांचा तर प्रश्नच नाही. म्हणून आम्ही 10 जून ही तारीख भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिली होती. त्याआधी छत पूर्ण झालं नाही, तर उघड्या सांगाड्यावर चार महिने पाऊस झेलत बसायचं होतं.

पहिली पायरी: तारीख साइटवरून मागे मोजत जा

नवा माणूस ऑर्डरवर छापलेली डिलिव्हरीची तारीख धरून चालतो. ती तारीख विक्रेत्याने ऑर्डर मिळवताना दिलेली असते. आपल्याला लागते ती वेगळी तारीख: माल साइटवर उतरून, मोजून, वापरायला कधी तयार हवा. ती वेळापत्रकातूनच काढायची.

आमच्या वेळापत्रकात 9 फ्रेम उभ्या करायला 14 दिवस होते, 20 एप्रिल ते 3 मे. त्यानंतर पर्लिन आणि छताचे पत्रे 20 दिवस, 4 ते 23 मे. 23 मेला छत झाकलं की 10 जूनपर्यंत 18 दिवस हाताशी राहत होते. हे 18 दिवस म्हणजे आमचा राखीव वेळ. या कामात पुढे जे जे निर्णय घेतले, ते याच 18 दिवसांकडे पाहून घेतले. म्हणून हा आकडा लक्षात ठेवा.

म्हणजे सांगाडा 20 एप्रिलला साइटवर तयार हवा. आता मागे मोजा. उतरवून मोजायला 2 दिवस, प्रवासाला 2, कारखान्यात तपासणी आणि लोडिंगला 4, फॅब्रिकेशनला 35, त्याआधी प्लेटा मागवायला 10, ड्रॉइंग मंजूर करायला 7, ड्रॉइंग तयार करायला 12 आणि अॅडव्हान्स पोहोचायला 3. एकूण 75 दिवस. 20 एप्रिलच्या 75 दिवस आधी येते 4 फेब्रुवारी. त्यानंतर ऑर्डर दिली, तर पहिल्या दिवसापासूनच आपण उशिरात असतो, मग विक्रेता कितीही चांगला असो.

हे मोबाइलवरच्या साध्या शीटमध्ये करता येतं. `B2` मध्ये साइटवर हवी असलेली तारीख लिहा, `C2` ते `J2` या आठ रकान्यांत वरचे आठ टप्पे किती दिवसांचे ते लिहा, आणि पुढच्या रकान्यात हे टाका:

```
=B2-SUM(C2:J2)
```

उत्तर येईल ती ऑर्डर देण्याची शेवटची तारीख. उत्तराच्या जागी पाच आकडी विचित्र संख्या दिसली, तर त्या रकान्याचा फॉरमॅट तारखेचा करून घ्या.

टप्प्यांचे दिवस कुठून आणायचे? विक्रेत्याला विचारा, पण "एकूण किती दिवस" असं विचारू नका. एकेका टप्प्याचे दिवस वेगवेगळे विचारा. एकूण आकडा तो तोंडावर फेकतो. टप्पे विचारले की त्याला कारखान्यातल्या माणसाशी बोलावं लागतं आणि खरे आकडे बाहेर येतात.

दुसरी पायरी: एका ऑर्डरच्या अनेक ओळी करा

खरेदीची ऑर्डर एकच असली, तरी रजिस्टरमध्ये ती एका ओळीत लिहू नका. साइटवर ज्या वस्तू वेगवेगळ्या दिवशी लागतात, त्यांची प्रत्येकी वेगळी ओळ करा.

आमच्या एका ऑर्डरच्या चार ओळी होत्या. पहिली अँकर बोल्टची. हे बोल्ट पायाच्या पेडेस्टलमध्ये काँक्रीट टाकण्याआधी बसवावे लागतात, म्हणून ते 5 मार्चलाच हवे होते. दुसरी ओळ फ्रेमची, 20 एप्रिल. तिसरी पर्लिन आणि पत्र्यांची, 3 मे. चौथी रोलिंग शटरची, मेच्या शेवटाकडे. किमतीच्या हिशोबाने अँकर बोल्ट यात सगळ्यांत किरकोळ. तरी ते नसतील, तर पायाचं कामच थांबतं. ऑर्डर एका ओळीत लिहिली असती, तर हा 5 मार्च कुठे दिसलाच नसता.

प्रत्येक ओळीसमोर आठही टप्प्यांच्या तीन-तीन तारखा ठेवा: ठरलेली, प्रत्यक्ष झालेली आणि आजच्या अंदाजाची. ठरलेली तारीख एकदा लिहिली की तिला पुन्हा हात लावायचा नाही. नवीन मुलं ही चूक फार करतात. माल लांबला की ठरलेली तारीखच पुढे सरकवतात, मग रजिस्टर कायम हिरवंगार दिसतं आणि माल मात्र येत नाही. सरकते ती फक्त अंदाजाची तारीख. ती काढायची रीत सोपी आहे: शेवटचा टप्पा प्रत्यक्षात ज्या दिवशी पूर्ण झाला, त्यात उरलेल्या टप्प्यांचे दिवस मिळवा.

माझ्या तेव्हाच्या रजिस्टरमध्ये एवढं काही नव्हतं. दोनच रकाने होते, ऑर्डरची तारीख आणि डिलिव्हरीची तारीख. त्याची किंमत काय पडली ते सांगतो.

आमचे आठ दिवस कुठे गेले

ऑर्डर आम्ही 1 फेब्रुवारीला दिली, म्हणजे तीन दिवस आधीच. 4 तारखेला अॅडव्हान्स पोहोचला. विक्रेत्याने 15 फेब्रुवारीला ड्रॉइंग पाठवलं, आमच्या हिशोबापेक्षा चार दिवस लवकर. त्या संचात अँकर बोल्टचं पान वेगळं होतं. पायाची माणसं साइटवर वाट पाहत उभी होती, म्हणून ते पान आम्ही दोन दिवसांत सही करून परत पाठवलं. बोल्ट 2 मार्चला आले. सगळ्यांना वाटलं, काम वेळेत चाललंय.

फ्रेमचं ड्रॉइंग मात्र आमच्याकडेच पडून राहिलं. शटरच्या जागेची उंची किती ठेवायची, भरलेला ट्रक सरळ आत जायला हवा की बाहेरच माल उतरवायचा, यावर कंपनीच्या संचालकांचं एकमत होत नव्हतं. पुढच्या बैठकीत ठरवू, असं दोनदा झालं. 26 फेब्रुवारीला व्हायला हवी होती ती सही 6 मार्चला झाली. आठ दिवस गेले, तेही विक्रेत्याच्या हातून नाही. आमच्याच टेबलावर गेले. सही झालेलं ड्रॉइंग हातात आल्याशिवाय कारखाना प्लेटही मागवत नाही आणि कापतही नाही. त्याने तसं करणं बरोबरच आहे. उंची बदलली, तर कापलेलं लोखंड भंगारात जाईल.

6 मार्चला रजिस्टरमध्ये टप्पे असते, तर हिशोब त्याच संध्याकाळी झाला असता. उरलेले टप्पे 10, 35, 4, 2 आणि 2, म्हणजे 53 दिवस. 6 मार्चला 53 दिवस मिळवले की 28 एप्रिल. माल आठ दिवस उशिरा येणार हे माल यायच्या 53 दिवस आधीच दिसलं असतं. मला ते दिसलं 30 मार्चला.

म्हणून पाठपुरावा सुरू करताना पहिला प्रश्न स्वतःला विचारा: या ओळीचा चेंडू आत्ता कोणाकडे आहे? ड्रॉइंगची सही, अॅडव्हान्स, पत्र्याच्या रंगाची निवड, तपासणीला माणूस पाठवणं, हे सगळं आपल्याकडे असतं. माझ्या अनुभवात अडकलेल्या मालापैकी बराचसा माल विक्रेत्याला फोन न करताच सुटतो, कारण तो आपल्याच कार्यालयात अडकलेला असतो.

तिसरी पायरी: दर आठवड्याचा फोन, आणि शब्दाऐवजी पुरावा

आठवड्यातला एक दिवस ठरवा. मी सोमवारी सकाळी करतो, कारण आठवड्याचा कामाचा बेत कारखान्यात त्याच दिवशी ठरतो. फोन विक्री विभागातल्या माणसाला न करता उत्पादन पाहणाऱ्याला करा. ऑर्डर देतानाच त्याचा नंबर मागून घ्या, नंतर तो मिळत नाही.

फोनवर "माल कधी येणार" असं न विचारता "आपल्या ऑर्डरचं आज काय चालू आहे" असं विचारा. मग त्या टप्प्याचा पुरावा मागा. प्लेटा आल्या म्हणतात, तर त्यांच्या आवक चलनाचा फोटो. कापणं सुरू झालं म्हणतात, तर तुकड्यांवर खडूने किंवा रंगाने लिहिलेल्या मार्कांचा फोटो. कारखान्यात प्रत्येक तुकड्यावर ड्रॉइंगमधला मार्क लिहिलेला असतो, त्यामुळे ते तुकडे आपले की दुसऱ्या कोणाचे ते लगेच कळतं. नुसता लोखंडाच्या ढिगाऱ्याचा फोटो आला, तर तो पुरावा धरू नका.

गाडी निघाली म्हणतात, तेव्हा ई-वे बिल मागा. ई-वे बिलाचे दोन भाग असतात. पार्ट-ए मध्ये मालाची आणि बिलाची माहिती, पार्ट-बी मध्ये गाडीचा नंबर. पार्ट-बी भरल्याशिवाय ते बिल रस्त्यावर चालत नाही. नुसती पार्ट-ए ची स्लिप पाठवून "गाडी निघाली" म्हणणारे पुष्कळ भेटतात. गाडीचा नंबर नसेल, तर माल अजून कारखान्यातच आहे असं समजा. तुमच्या कंपनीचा जीएसटी नंबर असेल, तर हिशोबनीसाला `ewaybillgst.gov.in` वर लॉगिन करून आपल्या नावाने निघालेलं बिल पाहायला सांगा. साध्या मालासाठी दर 200 किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस अशी त्या बिलाची मुदत असते. म्हणजे आमच्यासारख्या अंतरावर गाडी वाटेत बिघडून उभी राहिली, तर मुदत संपायची काळजीही लागलीच सुरू होते. मुदत संपायच्या आठ तास आधीपासून संपल्यानंतर आठ तासांपर्यंत ती वाढवून घेता येते. हे ट्रान्सपोर्टवाल्याला आठवण करून द्यावं लागतं.

ई-वे बिलाबरोबर बिल्टी आणि ड्रायव्हरचा नंबरही घ्या. त्यानंतर कारखान्याला फोन करण्यात अर्थ नाही, ड्रायव्हरलाच करा.

चौथी पायरी: कोणाच्या मागे लागायचं ते राखीव वेळ ठरवतो

30 मार्चला मी कारखान्यात गेलो. खरं तर आणखी आधी जायला हवं होतं. शेडमध्ये आमचे कॉलम तयार होत होते, मार्क बरोबर होते. राफ्टर मात्र थोडेच दिसत होते. तिथला सुपरवायझर मोकळा माणूस होता. म्हणाला, "हे पाहा ना साहेब, कॉलमचं टेन्शन नाही. पण राफ्टरची 5 मिलिमीटरची प्लेट पाचच फ्रेमपुरती आहे. बाकी यायला आणखी दहा दिवस तरी लागतील." हे मला कोणी फोनवर सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

आता हिशोब असा झाला: आधीचे 8 दिवस आणि हे 10, एकूण 18 दिवस उशीर. आमचा राखीव वेळही 18 दिवसच. म्हणजे सगळं सुरळीत झालं, तर छत बरोबर 10 जूनला पूर्ण. मेमध्ये आपल्याकडे संध्याकाळी वादळी वारा सुटतो, त्या वेळी पत्रे वर नेता येत नाहीत, वर माणूस ठेवणंही धोक्याचं. असे तीन-चार दिवस जातातच. म्हणजे काम पावसात सापडणार हे उघड होतं.

त्याच आठवड्यात रोलिंग शटरवालाही 12 दिवस मागे पडला होता. साइटवरचे सगळे त्याच्यावरच चिडले होते, कारण तो फोन उचलत नव्हता. पण शटर छत झाल्यावर बसणार होतं. हायड्रा लागत नव्हती आणि माल लहान टेम्पोतून येणार होता. 12 दिवसांनी आमचं काहीच अडत नव्हतं. त्याला एक लेखी निरोप पाठवला आणि सोडून दिलं. ज्या ओळीचा उशीर तिच्या राखीव वेळेच्या अर्ध्यात मावतो, ती फक्त नजरेखाली ठेवायची. ज्या ओळीचा उशीर राखीव वेळेच्या अर्ध्याच्या पुढे जातो, तिच्यासाठी गाडी काढायची. ही अर्ध्याची रेघ माझी स्वतःची आहे, कोणत्या पुस्तकातली नाही. पण पावसाच्या तोंडावरच्या कामाला ती बरोबर बसते. पूर्ण राखीव वेळ संपेपर्यंत थांबलात, तर करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

पाचवी पायरी: माल उभारणीच्या क्रमाने मागा

उशीर दिसला की नवा माणूस "सगळा माल लवकर पाठवा" असं म्हणतो. कारखान्याला ते शक्य नसतं, म्हणून तो हो म्हणतो आणि काहीच बदलत नाही. त्याऐवजी आपल्याला आधी काय लागतं ते नेमकं सांगा.

9 फ्रेम एकाच दिवशी उभ्या राहत नाहीत. सुरुवात ब्रेसिंग असलेल्या गाळ्यापासून होते. त्या गाळ्याच्या दोन फ्रेम उभ्या करून त्यांच्यात तिरके ब्रेसिंग रॉड ताणले की ती जोडी स्वतःच्या बळावर उभी राहते, मग पुढच्या फ्रेम तिला बांधत जायच्या. म्हणून आम्ही माल दोन लॉटमध्ये मागितला. पहिल्या लॉटमध्ये ब्रेसिंगच्या गाळ्यासह पाच फ्रेम, त्यांचे ब्रेसिंग रॉड, त्यांना जोडणारे तेवढेच पर्लिन आणि त्या जोडांचे बोल्ट. दुसऱ्या लॉटमध्ये उरलेल्या चार फ्रेम. 5 मिलिमीटरची प्लेट पाच फ्रेमपुरती होती, त्यामुळे पहिला लॉट कशासाठीच अडकलेला नव्हता.

इथे एक गोष्ट जपा. बिल वजनावर बनतं, त्यामुळे काही ठिकाणी जे तयार आहे ते भरून पाठवायची घाई असते. मग साइटवर आधी पत्रे येतात, नाही तर नऊही फ्रेमचे कॉलम येतात आणि राफ्टर एकही येत नाही. वजनाने निम्मा माल आलेला असतो, पैसेही मागितले जातात, आणि उभं मात्र काहीच करता येत नाही. म्हणून लॉटची यादी मार्क नंबरांसहित लेखी द्या आणि लॉट पूर्ण असेल तरच त्याचे पैसे सुटतील असं त्यातच लिहा. माझा निरोप साधारण असा होता:

"लॉट 1 मध्ये सोबतच्या यादीतले सर्व मार्क, ब्रेसिंग आणि बोल्टसह, एकत्र पाठवावेत. साइटवर 21 एप्रिलला हवेत. यादीतला एकही मार्क कमी असल्यास गाडी भरण्याआधी कळवावे. यादीबाहेरचा माल लॉट 1 सोबत पाठवू नये. लॉट पूर्ण मिळाल्यावर ठरलेली रक्कम दोन दिवसांत देऊ."

शेवटचं वाक्य पाळावं लागतं. उशिराच्या दंडाचं कलम ऑर्डरमध्ये असतंच, पण दंडाच्या भीतीने प्लेट येत नाही. वेळेवर मिळणाऱ्या पैशांचा शब्द मात्र कारखान्यात आपली ऑर्डर पुढे सरकवतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

उरल्या चार फ्रेम. सुपरवायझरनेच सांगितलं की 6 मिलिमीटरची प्लेट भरपूर पडली आहे. 5 ऐवजी 6 वापरायची का? हे ठरवणं साइटवरच्या माणसाचं काम नाही. डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला लेखी विचारलं, त्याने वजन आणि वेल्ड तपासून दुसऱ्या दिवशी लेखी मंजुरी दिली. खर्चाचा हिशोब मी बसल्या जागी केला. राफ्टरची मधली प्लेट सरासरी 45 सेंटिमीटर उंच, फ्रेमची लांबी 18 मीटर, जाडी 1 मिलिमीटरने वाढली, लोखंडाचं वजन घनमीटरला 7850 किलो. एका फ्रेमला जवळपास 64 किलो, चार फ्रेमला अंदाजे 250 किलो. किलोला 100 रुपये धरले, तरी 25,000 रुपये. दहा दिवस हायड्रा आणि उभारणीची टोळी रिकामी बसवायची, तर याहून जास्त जातात, आणि पावसाचा धोका वेगळाच. ते पैसे विक्रेत्याने आणि आम्ही निम्मे निम्मे उचलले.

असा बदल जाड प्लेटीकडे जाणारा असला, तरी तोंडी मंजुरीवर करू नका. पातळ प्लेटीकडे जाणारा बदल तर मी विचारातही घेत नाही. आणि नवीन ड्रॉइंग, नवीन मार्क कारखान्यात पोहोचलं की नाही हे स्वतः पाहा, नाही तर सुधारलेलं ड्रॉइंग मेलमध्ये आणि कापणं जुन्यावर असं होतं.

सहावी पायरी: गाडी येण्याचा दिवस

पहिला लॉट 21 एप्रिलला आला. त्याच्या दोन दिवस आधी मी मोटारसायकलने पांदण आणि मुख्य रस्ता तपासून आलो होतो. राफ्टरचे तुकडे 9 मीटर लांब, त्यामुळे 40 फुटी ट्रेलर. वळणावर तो फिरेल का, नाल्यावरचा रपटा खचलेला आहे का, गावात शिरताना विजेची तार किती खाली आहे, आणि त्या दिवशी गावचा आठवडी बाजार तर नाही ना, हे पाहायचं. आमच्या वळणावर मुरूम टाकावा लागला, एक दिवसाचं काम. ट्रेलर वळणावर अडकल्यावर मुरूम शोधत बसलो असतो, तर हायड्राचं भाडं फुकट गेलं असतं. हायड्रा तालुक्याच्या गावाहून यायची होती. ड्रायव्हरने यवतमाळ सोडल्याचा फोन केला, तेव्हाच तिला बोलावलं.

माल उतरला म्हणजे माल आला असं नाही. पॅकिंग लिस्ट हातात घेऊन प्रत्येक मार्कावर खूण करा. मोठे तुकडे सहसा पूर्ण येतात. कमी पडतात ते बोल्ट, नट, वॉशर आणि लहान क्लीट. गोणी उघडून मोजा. आमच्या लॉटमध्ये राफ्टरच्या मधल्या जोडाचे बोल्ट एका फ्रेमपुरते कमी निघाले. त्याच दिवशी चलनावर तसा शेरा लिहून ड्रायव्हरची सही घेतली, फोटो पाठवला आणि ते बोल्ट तिसऱ्या दिवशी नागपूरहून बसच्या पार्सलने आले. तोवर पहिल्या फ्रेम उभ्या राहत होत्या, म्हणून काम थांबलं नाही. बाजारातले कोणतेही बोल्ट लावून मोकळं व्हायची सूचना साइटवरून आली होती. तिथे ग्रेड 8.8 चे बोल्ट होते, हार्डवेअरच्या दुकानातले साधे बोल्ट तिथे लावत नाहीत.

दुसरा लॉट 28 एप्रिलला आला. उभारणी 22 एप्रिलला सुरू झाली होती, एक दिवस वादळात गेला आणि 6 मेला शेवटची फ्रेम उभी राहिली, ठरल्यापेक्षा तीन दिवस उशिरा. पत्रे मेच्या पहिल्याच आठवड्यात आले होते, त्यांची ओळ सरळ चालली होती. छत 26 मेला झाकलं. 10 जूनपर्यंत 15 दिवस उरले, त्यात फरशीचं काँक्रीट झालं.

शटर मेच्या अगदी शेवटी आलं आणि बसलं. रजिस्टरमध्ये त्या ऑर्डरची शेवटची ओळ मात्र जूनमध्ये बंद झाली, कारण पन्हाळीचे दोन कोपरे पॅकिंग लिस्टमध्ये होते आणि गाडीत नव्हते. ते आले, मोजले, मगच विक्रेत्याची राखून ठेवलेली रक्कम सोडली.